स्थळाचा कागद इंग्रजीत उतरवताना

लग्नाचा बायोडाटा हल्ली टपालाने येत नाही. झेरॉक्सच्या दुकानात किंवा वधू-वर सूचक मंडळात छापलेला एक पानाचा कागद कुणीतरी टेबलावर ठेवून फोनने टिपतं, आणि तो फोटो आत्याकडून मावशीकडे, मावशीकडून तिच्या जावेकडे असा फिरत राहतो. शेवटी तो पोहोचतो न्यू जर्सीत वाढलेल्या एखाद्या मुलापर्यंत, जो घरात मराठी बोलतो पण देवनागरी अडखळत वाचतो. मग मधल्या कुणालातरी तो कागद इंग्रजीत करून द्यावा लागतो. काम एका पानाचं, शब्द जेमतेम दीडशे. तरीही दहा पानांच्या लेखापेक्षा ते अवघड जातं, कारण या कागदावर वाक्यंच नसतात. प्रत्येक ओळ म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. तो प्रश्न माहीत नसेल, तर उत्तर इंग्रजीत नेलं तरी वाचणाऱ्याला ते कशाचं उत्तर आहे हे कळत नाही.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीचा असा कागद आपल्यापुढे आहे. हा नमुना मी समजावण्यापुरता रचला आहे, नावं मुद्दाम ठेवलेली नाहीत. पण त्यातली प्रत्येक ओळ अशा कागदांवर सर्रास दिसणारी आहे.

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
जन्म : १४/०८/१९९७, बुधवार, रात्री १.१०
उंची : ५.४
शिक्षण : पदविका (स्थापत्य), बी.ई. (सिव्हिल), २०१९
आजोबा : वै. ह.भ.प. …
वडील : श्री. …, निवृत्त प्राध्यापक, कनिष्ठ महाविद्यालय
आई : सौ. …, गृहिणी
भाऊ : चि. …, बहीण : सौ. …
चुलते : २, मामा : १
शेती : ४ एकर बागायत, २ एकर जिरायत
जात : हिंदू मराठा (९६ कुळी), देवक : पंचपल्लव
नातेसंबंध : चार-पाच आडनावं

भाषांतर पुढे, आधी फोटो नीट वाचायला हवा. या कागदांची मांडणी दोन रकान्यांची असते. डावीकडे ‘मामा’, ‘चुलते’ अशी शीर्षकं, मधे विसर्गासारखे दोन टिंब आणि उजवीकडे माहिती. फोटो तिरका असला की फोनमधलं मजकूर उचलणारं ॲप आधी डावा रकाना सलग वाचतं आणि मग उजवा. एखादा पत्ता दोन ओळींत मोडला असेल, तर त्याखालची सगळी उत्तरं एका घराने खाली सरकतात. मामांचं नाव चुलत्यांपुढे जाऊन बसतं आणि चुलत्यांचं मामांपुढे. हे ओळखायची सोपी खूण आहे. चुलत्यांचं आडनाव वडिलांचंच असणार आणि मामांचं बहुधा वेगळं. उलटं दिसलं तर ओळ घसरली आहे असं समजावं. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही हुद्द्यावरून आलेली आडनावं मात्र दोन्हीकडे सापडू शकतात, तिथे ही खूण चालत नाही आणि फोटोकडेच पुन्हा पाहावं लागतं. शक्य असेल तर ज्याच्याकडे मूळ कागद आहे त्याला सांगावं, की व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवल्यावर तो दाबून लहान केला जातो, आणि पाच-सहा वेळा पुढे ढकललेल्या फोटोत सगळ्यात आधी जातात ते टिंब, मात्रा आणि आकडे.

आकड्यांचा धोका देवनागरीत खास आहे. आपला ४ आणि इंग्रजी आठ यांच्यात फरक आहे तो फक्त वरचं तोंड उघडं असण्याचा. आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. त्यातच बऱ्याच कागदांवर दोन्ही प्रकारचे आकडे मिसळलेले असतात, तारीख देवनागरीत आणि फोन नंबर इंग्रजीत. पुसट फोटोत ‘५.४’ हे पाच फूट आठ इंच म्हणून वाचलं गेलं, तर मुलीची उंची चार इंचांनी वाढते.

उंचीत आणखी एक गोष्ट आहे. आपण ‘५.४’ लिहितो तेव्हा तो दशांश नसतो, मधला बिंदू फक्त फूट आणि इंच वेगळे करतो. पाच फूट चार इंच म्हणजे १६२.६ सेंटिमीटर. पण कुणी तो दशांश समजून पाच पूर्णांक चार दशांश फुटांचे सेंटिमीटर काढले, तर १६४.६ येतात. दोन सेंटिमीटरचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून चूक तशीच राहते. खरी फजिती होते ती उंच मुलांच्या कागदात. ‘५.११’ म्हणजे पाच फूट अकरा इंच, १८० सेंटिमीटर. दशांश धरला तर १५६ सेंटिमीटर, म्हणजे मुलगा जवळजवळ वीतभर बुटका झाला. ‘५.१०’ची गत त्याहून वाईट. दशांशात शेवटच्या शून्याला किंमत नसते, त्यामुळे गणकयंत्र त्याचं ‘५.१’ करून टाकतं आणि दहा इंचांचा एक इंच होतो. म्हणून इंग्रजीत बिंदू ठेवूच नये. ‘फाइव्ह फीट फोर इंचेस’ असं शब्दांत लिहावं आणि शेजारी १६३ सेंटिमीटर द्यावं. युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वाचकाला सेंटिमीटरच कळतात, आणि दोन्ही दिल्याने एकातली चूक दुसऱ्यावरून पकडता येते.

आता आपल्या नमुन्यातली जन्माची ओळ. समजा, वर्षातला शेवटचा आकडा पुसट आहे, १९९७ की १९९१ ते कळत नाही. वार दिला आहे, तेव्हा कॅलेंडर उघडून पाहावं असं कुणालाही वाटेल. १४ ऑगस्ट १९९१ला बुधवार होता आणि १४ ऑगस्ट १९९७ला गुरुवार. मग १९९१ असणार? इथे घाई केली तर मुलगी सहा वर्षांनी मोठी होते. वेळ पाहा, रात्री १.१०. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत धरतात. मध्यरात्र उलटल्यावर घड्याळाच्या हिशेबाने गुरुवार लागला, तरी आजीच्या आणि गुरुजींच्या हिशेबाने अजून बुधवारच चालू आहे. म्हणजे १९९७ आणि बुधवार हे दोन्ही एकत्र बरोबर असू शकतात. शिक्षणाची ओळ त्याला दुजोरा देते. १९९७चा जन्म, २०१३ला दहावी, तीन वर्षांची पदविका, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन २०१९ला बी.ई., हे अगदी जुळतं. १९९१ धरलं तर ती अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास बी.ई. झाली असं होईल. ते अशक्य नाही, पण मग मधली वर्षं कागदावर कुठेतरी दिसली असती. एवढं जुळवल्यावरही घरच्यांना एकदा विचारूनच वर्ष लिहावं. इंग्रजीत महिना अक्षरांत लिहावा, कारण आपण दिवस आधी लिहितो आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात. १४ तारखेमुळे इथे गोंधळ होणार नाही, पण ०४/०७ असतं तर एप्रिल की जुलै हे कुणी सांगू शकलं नसतं. वेळेपुढे ‘आफ्टर मिडनाइट’ असं स्पष्ट करावं. पत्रिका इंग्रजीतल्या माहितीवरून मांडली जाणार असेल, तर एका दिवसाच्या चुकीने नक्षत्र बदलतं.

शिक्षणाच्या ओळीत ‘पदविका’ आणि ‘पदवी’ हे दोन शब्द पुसट फोटोत एकमेकांच्या जागी वाचले जातात. पदविका म्हणजे डिप्लोमा, दहावीनंतर तीन वर्षांची, आणि पदवी म्हणजे डिग्री. दोन्ही असल्या तर दोन्ही लिहाव्यात आणि क्रम मोडू नये, कारण डिप्लोमा करून मग बी.ई. झालेली मुलगी आणि बारावीनंतर थेट बी.ई. झालेली मुलगी यांचा प्रवास वेगळा असतो. ‘स्थापत्य’ म्हणजे इथे सिव्हिल इंजिनिअरिंग. शब्दकोश पाहून आर्किटेक्चर लिहिलं तर मुलीचा व्यवसायच बदलतो. ‘आय.टी.आय. (फिटर)’ हे भारताबाहेरच्या वाचकाला नुसतं दिलं तर ते आय.आय.टी.शी गोंधळलं जाऊ शकतं, म्हणून ‘ट्रेड सर्टिफिकेट’ हे शब्द जोडावेत. बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. असेल तर ‘आयुर्वेद’ किंवा ‘होमिओपॅथी’ हे लिहिलंच पाहिजे. नुसतं ‘डॉक्टर’ लिहिणं खोटं नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एम.बी.बी.एस. उभं राहतं, आणि पहिल्याच भेटीत दोन्ही घरांना अवघडायला होतं. ‘पदवीधर’ला इंग्रजीत ‘ग्रॅज्युएट’ म्हणण्याची आपली सवय अमेरिकेत घात करते, कारण तिथे ग्रॅज्युएट शिक्षण म्हणजे पदवीनंतरचं. ‘बॅचलर्स डिग्री’ लिहावं.

वडिलांच्या ओळीतही असाच एक सापळा आहे. आपलं कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज म्हणजे शाळेनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. ‘प्राध्यापक’ हा शब्द आपण कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही आदराने लावतो, पण इंग्रजीतला ‘प्रोफेसर’ हा विद्यापीठातला एक ठरावीक हुद्दा आहे. दोन्ही शब्द जसेच्या तसे नेले की बारावीला गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ विद्यापीठाचे प्रोफेसर होतात. ‘रिटायर्ड टीचर, इलेव्हन्थ अँड ट्वेल्फ्थ ग्रेड’ लिहिलं की कमीही होत नाही आणि जास्तही होत नाही. घरच्यांना हे कधीकधी आवडत नाही, त्यांना वाटतं आपण हुद्दा खाली आणला. अशा वेळी शांतपणे समजावून सांगावं, कारण उद्या मुलाकडचे ही माहिती इंटरनेटवर पडताळून पाहणारच आहेत.

कुटुंबाच्या ओळींमध्ये नावाआधीचे एक-दोन अक्षरांचे शब्द सगळ्यात जास्त सांगतात, आणि भाषांतरात नेमके तेच गळतात. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, ती व्यक्ती हयात नाही. एक मात्रा पुसली गेली की ‘के.’ उरतं आणि ते नावाचं आद्याक्षर वाटतं. आपल्या नमुन्यात आजोबांपुढे ‘वै.’ आहे. वैकुंठवासी. वारकरी घरांत कैलासवासीऐवजी हा शब्द येतो, आणि पुढचं ‘ह.भ.प.’ म्हणजे हरिभक्तपरायण. ‘वै.’ला वैद्य समजून इंग्रजीत आजोबांना आयुर्वेदाचार्य केलं, की घराची ओळखच पुसली जाते. खरं तर या दोन संक्षेपांनी न विचारलेलं बरंच काही सांगून टाकलं आहे. घरात वारी आहे, कीर्तन आहे, बहुधा माळ आहे, आणि माळ असेल तर मांसाहार नाही. इंग्रजीत ‘लेट’ लिहून पुढे ‘वारकरी ट्रॅडिशन’ असे दोन शब्द द्यावेत. माळ आणि जेवणाचा अंदाज मात्र आपण लिहू नये. तो वाचणाऱ्याने विचारावा.

‘चि.’ आणि ‘सौ.’ यांचंही तसंच आहे. भावापुढे ‘चि.’ आहे म्हणजे तो धाकटा आहे किंवा निदान अविवाहित आहे. बहिणीपुढे ‘सौ.’ आहे म्हणजे तिचं लग्न झालेलं आहे. इंग्रजीत ‘अनमॅरिड’ आणि ‘मॅरिड’ असं उघड लिहावं लागतं. आईपुढचा ‘सौ.’ वडील हयात असल्याचं सांगतो. वडील हयात नसतील तर मराठी कागदावर आईपुढे बहुधा ‘श्रीमती’ येतं, जुन्या पद्धतीने ‘गं.भा.’ही दिसतं. हिंदीत श्रीमती म्हणजे कुणीही विवाहित स्त्री, त्यामुळे मराठी ‘श्रीमती’तला हा अर्थ इंग्रजी ‘मिसेस’मध्ये हरवतो. वडिलांच्या ओळीत ‘लेट’ आहे ना, हे अशा वेळी दोनदा पाहावं.

मग मामा आणि चुलते. इंग्रजीत दोघेही अंकल. आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमानही अंकलच. पण कागदावर मामांचं नाव आणि गाव कशासाठी असतं? मुलीचं आजोळ कुठलं, आईकडचं कुळ कुठलं, हे कळावं म्हणून. मुलाच्या घरातली कुणीतरी जाणती बाई ते वाचून लगेच सांगते, की हे तर आपल्या धाकट्या काकूच्या माहेरचे. नातं जुळतं, अडतं किंवा ओळख निघते ती इथून. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राचं वेगळेपण दाखवलं होतं. उत्तरेत आईकडच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते सहज चालतं आणि महाराष्ट्र दोघांच्या मधे. इथे अनेक जातींत मुलाने मामाच्या मुलीशी लग्न केलेलं चालतं, पण आत्याच्या मुलीशी केलेलं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. १९५५चा हिंदू विवाह कायदा वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांच्या आतली लग्नं सपिंड म्हणून नाकारतो आणि रूढी असेल तिथे मुभा ठेवतो. एवढं सगळं ज्या एका ओळीवर तपासलं जातं, तिथे ‘अंकल’ लिहून भागत नाही. ‘मदर्स ब्रदर’, ‘फादर्स ब्रदर’ असं सरळ लिहावं. हवं तर पहिल्यांदा ‘मामा’ हा शब्दही ठेवावा, न्यू जर्सीतल्या मुलाला तो बोलण्यातून माहीत असतोच.

तळाशी असलेली ‘नातेसंबंध’ची ओळ, कुठे कुठे ‘पाहुणे’ किंवा ‘सोयरे’, हीसुद्धा याच कामासाठी. तिथल्या आडनावांशी या घराचं आधी लग्नाचं नातं जुळलेलं आहे. ॲप ‘पाहुणे’चं गेस्ट्स करून टाकतं आणि चार आडनावांची यादी निमंत्रितांची वाटू लागते. ‘फॅमिलीज रिलेटेड बाय मॅरेज’ असं लिहिलं की काम होतं.

शेतीच्या ओळीला माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मार बसतो. ‘४ एकर बागायत’चं ‘फोर एकर गार्डन’ झालेलं मी पाहिलं आहे. साताऱ्याकडे बागायत म्हणजे पाण्याखालची जमीन, विहीर, कॅनॉल किंवा उपसा सिंचनावर ऊस, हळद, भाजीपाला घेता येईल अशी. जिरायत म्हणजे पावसाच्या भरवशावरची. चार एकर बागायत आणि चार एकर जिरायत यांच्या उत्पन्नात फार मोठं अंतर असतं. म्हणून ‘इरिगेटेड’ आणि ‘रेनफेड’ हे शब्द गाळू नयेत. हाच कागद रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातला असता तर ‘बागायतदार’चा अर्थ आंबा-काजूच्या बागांचा मालक असा झाला असता आणि तिथे ‘ऑर्चर्ड’ बरोबर ठरलं असतं. कागदावरचा गाव आणि तालुका आधी वाचावा, मग हा शब्द ठरवावा.

राहिली जातीची ओळ. इथे भाषांतर करणाऱ्याचं स्वतःचं मत मधे येतं. जातीच्या रकान्याबद्दल तुमचं-माझं काहीही मत असो, कागद आपला नाही. घरच्यांनी ‘जात’ लिहिलं असेल तर ‘कास्ट’ लिहावं, ‘कम्युनिटी’ असा मऊ शब्द घालून ते झाकू नये. आणि त्यांनी जे लिहिलं नाही ते आपल्या माहितीतून भरू नये. ‘मराठा’चं ‘मराठी’ होऊ देऊ नये, एक जात आहे, दुसरी भाषा. ‘मराठा’, ‘कुणबी’ आणि ‘कुणबी मराठा’ हे तीन वेगळे उल्लेख आहेत, आरक्षणाच्या कागदपत्रांतही त्यांचे परिणाम वेगळे आहेत, त्यामुळे जो लिहिला आहे तोच अक्षरशः ठेवावा. कुणी ‘बौद्ध’ लिहिलं असेल तर ‘बुद्धिस्ट’, बस. १९५६च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर त्या घराने स्वतःची ओळख म्हणून तो शब्द निवडला आहे. त्याच्यामागे ‘निओ’ जोडणं किंवा आधीची जात शोधून कंसात टाकणं हा आपला अधिकार नाही. ‘कोकणस्थ’, ‘देशस्थ ऋग्वेदी’, ‘लेवा पाटीदार’ ही नावं भाषांतरित करायचीच नसतात, फक्त इंग्रजी अक्षरांत लिहायची असतात.

‘९६ कुळी’ला मात्र एका ओळीची जोड द्यावी लागते. मराठ्यांतल्या शहाण्णव कुळांच्या परंपरागत यादीत आपलं घराणं येतं, असा तो दावा आहे. याद्या एकसारख्या नाहीत, म्हणून ‘क्लेम्स’ किंवा ‘बाय ट्रॅडिशन’ असा शब्द वापरणं प्रामाणिकपणाचं. आणि ‘देवक’. ॲप याचं कधी देव करतं, कधी देवकीच्या वडिलांचं नाव समजतं. देवक म्हणजे कुळाचं चिन्ह, बहुतेक वेळा एखादं झाड, पान, फूल किंवा वस्तू, जे लग्नाआधी मांडवात बसवून पुजलं जातं. पंचपल्लव म्हणजे पाच झाडांची पानं. ज्या जातींत देवक पाळतात, तिथे एकाच देवकाच्या दोन घरांत लग्न होत नाही. ब्राह्मणांच्या कागदावर गोत्र जे काम करतं, तेच इथे देवक करतं. आर. ई. एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याच्या जातींवर १९२० ते १९२२ या काळात ग्रंथाचे तीन खंड काढले, त्यातही त्याने ‘देवक’ हाच शब्द ठेवला. आपणही तो ठेवावा आणि पुढे अर्थ द्यावा, ‘क्लॅन एम्ब्लेम, फाइव्ह लीव्हज, सेम एम्ब्लेम डज नॉट इंटरमॅरी’. मुलाला ते कळायची गरज नसेलही. पण तो कागद त्याच्या आजीला फोनवर वाचून दाखवेल, तेव्हा आजी पहिल्यांदा हाच शब्द विचारणार आहे.

डोक्यावरचं ‘श्री भैरवनाथ प्रसन्न’ बरेच लोक इंग्रजीत गाळतात. ते बहुधा घराचं कुलदैवत किंवा ग्रामदैवत असतं. खाली कुलदैवताची वेगळी ओळ नसेल, तर ही एकच खूण उरते. ती ठेवावी.

मसुदा झाला की मूळ फोटो आणि इंग्रजी पान शेजारी ठेवून मी तो मुलीच्या घरी परत पाठवते, सोबत मोजके प्रश्न. जन्मवर्ष नक्की कुठलं. रात्री १.१० ही कुठल्या तारखेची. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर कसं आहे. आणि फोन नंबर, घरचा पत्ता इंग्रजी प्रतीवर ठेवायचा की काढायचा, कारण मराठी कागद चार ओळखीच्या घरांत फिरतो, इंग्रजी कागद कुठवर जाईल ते कुणाच्याच हातात नसतं. उत्तरं बहुतेक वेळा मुलीची आई देते. पण स्पेलिंग आणि फोन नंबरबद्दल मी मुलीशीच बोलायचं ठरवलं आहे.